गल्ल्यात किती असायला हवे?

छोटं दुकान रात्री बंद होताना मालक गल्ला मोजतो. नोटांची गड्डी, सुट्ट्या पैशांची वाटी, आणि मग डोक्यातल्या डोक्यात एक बेरीज-वजाबाकी चालते. सकाळी इतके होते, मधे टेम्पोवाल्याला दिले, चहाचे गेले, घरी भाजीला काढले. म्हणजे आज धंदा साधारण इतका झाला. या 'साधारण'मध्येच महिन्याचे दोन-चार हजार विरघळून जातात. ते कुणी चोरलेले नसतात, फक्त लिहिलेले नसतात.

हीच बेरीज-वजाबाकी फोनमधल्या गूगल शीट्समध्ये कशी मांडायची, ते एका दुकानाचं उदाहरण घेऊन पाहू. समजा, तालुक्याच्या गावात शाळेजवळ स्टेशनरीचं दुकान आहे. महिना जूनचा, म्हणजे वह्या-कंपासपेट्यांचा हंगाम. दुकानात मालक एकटाच असतो, पेन्सिल-खोडरबराच्या प्रत्येक विक्रीची नोंद करायला त्याला वेळ नसतो आणि त्याने ती करावी असा आग्रहही व्यावहारिक नाही. तेव्हा पद्धत अशी हवी, की दिवसभरात मोजकंच लिहावं लागेल आणि रात्री विक्रीचा आकडा आपोआप हाती येईल.

जुन्या रोजमेळात डाव्या बाजूला जमा आणि उजव्या बाजूला नावे लिहीत. शीटमध्येही तेच ठेवायचं, फक्त दोन रकाने जास्त घ्यायचे. पहिली ओळ शिलकेसाठी राखून ठेवावी. दुसऱ्या ओळीत A ते F या रकान्यांना अनुक्रमे तारीख, तपशील, प्रकार, कुठे, आले, गेले अशी नावं द्यावीत. नोंदी तिसऱ्या ओळीपासून सुरू होतील. दुसऱ्या ओळीच्या क्रमांकावर बोट दाबून धरलं की जो मेनू येतो त्यात Freeze हा पर्याय असतो. तो निवडला की वरच्या दोन ओळी जागेवर राहतात आणि खालच्या नोंदी त्यांच्याखालून सरकतात.

सगळी मदार 'कुठे' या रकान्यावर आहे. दुकानाला चार खिसे आहेत असं धरून चालायचं: गल्ला, बँक, उधार आणि देणे. यूपीआयने आलेले पैसे बँक या खिशात जातात. गिऱ्हाइकांकडे थकलेले पैसे उधार या खिशात, आणि ठोक व्यापाऱ्याचे आपण द्यायचे असलेले देणे या खिशात. प्रत्येक नोंदीत रक्कम कोणत्या खिशात आली किंवा कोणत्या खिशातून गेली एवढंच सांगायचं असतं. ती कशासाठी, हे 'प्रकार' या रकान्यात लिहायचं. त्यासाठी ठरावीक शब्द असावेत: आरंभी, विक्री, माल, खर्च, घरी, वसुली, फेड, भरणा. एवढ्यात बहुतेक दुकानांचं भागतं. पंधरा-वीस प्रकार काढण्याचा मोह पहिल्या आठवड्यात होतो आणि तिसऱ्या आठवड्यात आपलं आपल्यालाच आठवत नाही, की खाकी कागदाचे पैसे 'पॅकिंग'मध्ये टाकले होते की 'दुकानखर्चा'त.

तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या ओळीत महिन्याची आरंभीची शिल्लक लिहायची: गल्ल्यात किती, बँकेत किती, उधारी किती. तिन्ही रकमा 'आले'च्या रकान्यात. देणं असेल तर ते सहाव्या ओळीत, पण 'गेले'च्या रकान्यात. मग A1 मध्ये 'गल्ला' असं लिहून B1 मध्ये हे सूत्र टाकायचं:

```
=SUMIF(D3:D,"गल्ला",E3:E)-SUMIF(D3:D,"गल्ला",F3:F)
```

याचा अर्थ असा: 'कुठे'च्या रकान्यात जिथे जिथे 'गल्ला' आहे, त्या ओळींच्या 'आले'ची बेरीज कर आणि त्यांच्याच 'गेले'ची बेरीज तिच्यातून वजा कर. C1 मध्ये 'बँक' लिहून D1 मध्ये आणि E1 मध्ये 'उधार' लिहून F1 मध्ये हेच सूत्र टाकायचं, फक्त अवतरणचिन्हांतला शब्द बदलायचा. D3:D म्हणजे तिसऱ्या ओळीपासून खाली शेवटपर्यंत. एक्सेल वापरत असाल तर तिथे हे चालत नाही. D3:D500 असा शेवट सांगावा लागतो. आणि घाईत D3:D ऐवजी D:D टाकलं तर D1 मधलं सूत्र स्वतःलाच मोजू पाहतं, आणि चौकटीत रकमेऐवजी चूक दिसते.

आता एक दिवस मांडून पाहू.

सकाळी गल्ल्यात २,००० रुपये आहेत, बहुतेक सुट्टे. दिवसभरात रोखीने गेले ते असे: टेम्पोभाडं ३५०, चहा ६०, वह्यांच्या व्यापाऱ्याला मालाचे ३,०००, आणि दुपारी घरी दिलेले ५००. हे चारही व्यवहार पैसे हातातून सुटताक्षणी फोनमध्ये लिहिलेले आहेत. प्रत्येकाची एक ओळ, 'कुठे'मध्ये गल्ला, रक्कम 'गेले'च्या रकान्यात. शिवाय शाळेतल्या एका बाईंनी मागच्या महिन्यातली ८०० रुपयांची उधारी रोख आणून दिली. तिच्या दोन ओळी होतात. एकीत उधार या खिशातून ८०० गेले, दुसरीत गल्ल्यात ८०० आले. दोन्हींचा प्रकार वसुली.

रात्री गल्ला मोजायच्या आधी B1 कडे पाहिलं तर तिथे दिसेल उणे १,११०. घाबरायचं कारण नाही. २,००० मध्ये ८०० मिळवले आणि ३,९१० वजा केले तर तेच येतं. रोख विक्री अजून लिहिलेलीच नाही, त्यामुळे शीटच्या मते आपण नसलेले पैसे खर्च केले आहेत. आता गल्ला मोजला, तो भरला ७,८४०. मोजलेली रक्कम वजा शीटमधली रक्कम, म्हणजे ७,८४० वजा उणे १,११०, म्हणजेच ८,९५०. ही आजची रोख विक्री. ती एका ओळीत लिहायची: प्रकार विक्री, कुठे गल्ला, आले ८,९५०. लिहिल्याबरोबर B1 मध्ये ७,८४० दिसू लागतं. हा आकडा हाताने टाकायचा, म्हणजे त्या चौकटीत `=7840+1110` एवढंच लिहायचं. हुशारी करून तिथे B1 चा उल्लेख केला तर B1 त्या चौकटीवर आणि ती चौकट B1 वर अवलंबून राहते, आणि शीट दोन्हीकडे हात टेकतं.

त्या दिवशी यूपीआयने ४,२६० आले आणि ६२० रुपयांचा माल उधार गेला. त्यांच्या दोन ओळी, दोन्ही विक्री या प्रकारातल्या, एक बँकेत आणि एक उधारमध्ये. दिवसाची एकूण विक्री झाली १३,८३०. अवघ्या नऊ ओळींत दिवस संपला.

इथे थांबून एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण फोनवर हिशेब ठेवणारे बरेच जण तिथेच फसतात. रात्री मोजलेला गल्ला आणि B1 तंतोतंत जुळले याचं समाधान वाटतं, पण ते जुळणारच होते. आपण विक्रीच अशी काढली की ते जुळावेत. त्यामुळे या जुळण्यातून हिशेब बरोबर आहे असं सिद्ध होत नाही. टेम्पोचे ३५० लिहायचे राहिले असते तर विक्री ८,६०० निघाली असती आणि गल्ला तरीही जुळला असता. खर्च लपला, विक्रीही तेवढीच लपली. उलट वसुलीचे ८०० लिहायचे राहिले असते तर विक्री ९,७५० दिसली असती. ते ८०० ज्या दिवशी माल उधार गेला त्या दिवशीच विक्रीत धरलेले होते, म्हणजे एकच विक्री दोनदा मोजली गेली असती, आणि बाईंच्या नावावर उधारी तशीच उभी राहिली असती. महिनाअखेर त्यांना फोन करून पैसे मागण्याची पाळी आली, की मग दुकानदाराच्या लक्षात येतं.

म्हणून या पद्धतीत विक्री रात्री लिहिली तरी चालते, पण गल्ल्यातून गेलेला पैसा आणि वसुलीचा पैसा मात्र रात्रीपर्यंत थांबवून चालत नाही. फोन गल्ल्याशेजारीच ठेवावा आणि शीट उघडंच असू द्यावं. नेट गेलं तरी लिहिता यावं म्हणून त्या फाइलच्या मेनूत Available offline हा पर्याय आधीच चालू करून ठेवावा.

खरा ताळा मिळतो तो बँकेच्या खिशात. तिथला आकडा आपण काढलेला नसतो, दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला असतो. आठवड्यातून एकदा D1 आणि बँकेच्या ॲपमधली शिल्लक शेजारी ठेवून पाहावी. फरक निघाला तर कारणं बहुधा ओळखीचीच असतात. काही यूपीआय सेवा दिवसभराची रक्कम दुसऱ्या दिवशी एकत्र खात्यात टाकतात. पैसे आल्याचं बोलून सांगणाऱ्या डबीचं भाडं परस्पर कापलं जातं. जुन्या उधारीचे पैसे गिऱ्हाईक यूपीआयने पाठवतं आणि ते दिवसाच्या एकूण आकड्यात मिसळून जातात. तो आकडा विक्री म्हणून लिहिण्याआधी त्यातून वसुली वेगळी काढावी लागते. आणि सगळ्यात त्रासाचं म्हणजे घराचा आणि दुकानाचा व्यवहार एकाच खात्यातून चालणं. विम्याचा हप्ता, मुलीच्या क्लासची फी, मोबाइलचं रिचार्ज हे सगळं त्याच खात्यातून जात असेल तर प्रत्येकाची 'घरी' या प्रकारात ओळ हवी. नाहीतर फरक शोधता शोधता रविवार जातो. दुकानासाठी वेगळं खातं उघडणं हा त्यावरचा स्वस्त उपाय, पण तो सांगून फारसं कुणी ऐकत नाही.

रोकड बँकेत भरली तरी दोन ओळी लिहायच्या: गल्ल्यातून गेले, बँकेत आले, प्रकार भरणा. विक्रीच्या बेरजेत भरणाही येत नाही आणि वसुलीही येत नाही. प्रकार वेगळे ठेवण्याचा उपयोग इथे होतो.

आता शीट स्वतःहून कुठे दगा देतं ते पाहू. बेरजेचं सूत्र अक्षरांकडे दुर्लक्ष करतं आणि तसं करताना तोंडातून शब्द काढत नाही. चौकटीत '350 रु' असं लिहिलं तर आपल्याला ते साडेतीनशेच दिसतात, शीटच्या दृष्टीने मात्र तो मजकूर होतो आणि बेरजेत त्याची किंमत शून्य धरली जाते. मराठी कीबोर्डवरून देवनागरी अंक टाकले तरी तीच गत होऊ शकते. म्हणून तपशील मराठीत लिहा, रक्कम मात्र इंग्रजी अंकांत आणि नुसती. ओळखायची खूण सोपी आहे. शीट ज्याला आकडा मानतं तो चौकटीच्या उजव्या कडेला टेकतो आणि ज्याला मजकूर मानतं तो डाव्या कडेला. 'आले' आणि 'गेले' या रकान्यांवरून वरून खाली नजर फिरवली की डावीकडे सरकलेली रक्कम लगेच दिसते. त्यासाठी या रकान्यांची मांडणी हौसेने मधोमध करू नये. केली तर ही खूण पुसली जाते.

तारखेचंही असंच होतं. फाइलचं स्थान अमेरिका असं ठरलेलं असेल तर 5/6 म्हणजे ५ जून न होता ६ मे होतो. आणि 25/6 ही तिकडे तारीखच नसल्यामुळे मजकूर बनते. महिन्याच्या पहिल्या बारा तारखा उजवीकडे आणि तेरापासूनच्या डावीकडे दिसल्या तर हाच घोटाळा समजावा. फाइलच्या Spreadsheet settings मध्ये स्थान India करून घ्यावं आणि ते पहिली नोंद टाकण्याआधीच करावं.

शब्दांच्या बाबतीत शीट फार काटेकोर असतं. 'उधार' आणि 'उधारी' त्याला दोन वेगळे खिसे वाटतात. 'गल्ला' या शब्दापुढे चुकून एक मोकळी जागा पडली तर तोही वेगळा, आणि ही जागा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून 'प्रकार' आणि 'कुठे' हे रकाने टाइप करण्याऐवजी यादीतून निवडायचे ठेवावेत. रकाना निवडून मेनूतल्या Data validation मध्ये शब्दांची यादी एकदा भरली की चौकटीवर टेकताच ती यादी उघडते. त्यात अर्धा तास जातो, पण पुढे लिहिण्याचा वेगही वाढतो.

उधारीत माणसागणिक खातं लागतंच. F1 फक्त एकूण उधारी सांगतो, कुणाकडे किती हे नाही. त्यासाठी त्याच फाइलमध्ये 'खतावणी' नावाचं वेगळं पान करावं आणि ते महिन्याचं न ठेवता वर्षभराचं ठेवावं, कारण उधारी महिन्याच्या हिशेबाने संपत नाही. त्यात तारीख, नाव, माल दिला, पैसे आले एवढेच रकाने पुरतात. उधारीची नोंद दोन ठिकाणी करावी लागते हे खरं, पण त्यातून दुसरा ताळा मिळतो. खतावणीतल्या सगळ्यांची मिळून येणं बाकी आणि जूनच्या पानावरचा F1 एकच असायला हवेत. नसतील तर नोंद एकीकडे झाली आणि दुसरीकडे राहिली.

महिना संपला की नवं पान. सगळ्यात सुरक्षित मार्ग म्हणजे सूत्रं आणि याद्या भरलेलं, पण एकही नोंद नसलेलं 'कोरे' नावाचं पान कायम ठेवावं. खाली पानाच्या नावावर टेकून Duplicate करावं आणि प्रतीला 'जुलै' असं नाव द्यावं. मागच्याच पानाची प्रत काढून जुन्या नोंदी पुसत बसलं तर एखादी ओळ राहून जाते. जुलैच्या तिसऱ्या ओळीत 'आले'च्या रकान्यात `='जून'!B1` लिहिलं की गल्ल्याची शिल्लक पुढे येते. बँकेसाठी चौथ्या ओळीत `='जून'!D1` आणि उधारीसाठी पाचवीत `='जून'!F1`. 'मागील पानावरून पुढे' ही जुनी ओळ इथे सूत्र होऊन बसते. जूनमध्ये मागाहून एखादी दुरुस्ती केली तर जुलैची आरंभीची शिल्लक आपोआप बदलते. म्हणून जुलैमध्ये रोकड अचानक काही शेकड्यांनी हलली तर आधी जूनच्या पानाला कुणी हात लावला का ते बघावं.

घरखर्चासाठीही हेच पान चालतं. उधार आणि देणे हे खिसे काढून टाकायचे, विक्रीच्या जागी पगार, आणि खर्चाचे चार-पाच प्रकार. तिथे विक्री काढायची नसल्यामुळे उलट फायदा होतो: कपाटातली रोकड मोजून B1 शी ताडून पाहिली तर तो खराखुरा ताळा असतो, आणि जो फरक येईल तेवढा खर्च नक्की लिहायचा राहिलेला असतो.

दुकानाच्या महिनाअखेरीकडे परत येऊ. पानाच्या उजवीकडे, H आणि I या रकान्यांत, प्रकारवार बेरजा काढायच्या. विक्रीसाठी पहिलं सूत्र, मालासाठी दुसरं. खर्च आणि घरी यांच्यासाठीही दुसऱ्यासारखंच:

```
=SUMIF(C3:C,"विक्री",E3:E)
=SUMIF(C3:C,"माल",F3:F)
```

समजा, जूनमध्ये विक्री झाली २,४०,०००. माल घेतला १,९०,००० चा. भाडं, वीज, टेम्पो वगैरे खर्च २२,०००. घरी काढले २५,०००. विक्रीतून माल आणि खर्च वजा केला तर २८,००० उरतात. घरी २५,००० नेले, म्हणजे हंगाम बरा गेला, असं हे पान पाहणाऱ्याला वाटतं.

पण शीटने रॅकवरचा माल मोजलेला नाही. १ जूनला दुकानात खरेदीच्या भावाने ३,१०,००० चा माल होता आणि ३० जूनला २,९६,००० चा उरला. म्हणजे विकला गेलेला माल १,९०,००० चा नव्हे, तर ३,१०,००० अधिक १,९०,००० वजा २,९६,०००, म्हणजे २,०४,००० चा. विक्रीतून तो वजा केला तर ३६,००० उरतात आणि खर्च वजा केल्यावर १४,०००. महिन्याची कमाई ही. घरी नेलेले २५,००० या कमाईपेक्षा ११,००० ने जास्त होते, आणि ते भांडवलातून गेले. गल्ल्यात रोकड खेळती असल्यामुळे जूनमध्ये ते जाणवलं नाही. ते ऑगस्टमध्ये जाणवतं, रॅकवरचे रिकामे कप्पे भरायला ठोक व्यापाऱ्याकडे उधार मागावी लागते तेव्हा.

मालाची मोजणी दर महिन्याला करणं एकट्या माणसाला जमत नाही. वर्षातून तीनदा जमली तरी पुरे: हंगामाआधी मे महिन्यात, दिवाळीच्या साफसफाईत माल खाली उतरतोच तेव्हा, आणि ३१ मार्चला. मोजताना भाव खरेदीचा धरायचा, पाकिटावर छापलेला नव्हे. मागच्या वर्षीच्या डायऱ्या आणि पिवळ्या पडलेल्या वह्या खरेदीच्या भावानेही धरू नयेत. त्यांचे रद्दीवाला जे देईल तेच.

१ एप्रिलला नवी फाइल उघडून मार्चच्या तिन्ही शिलका, व्यापाऱ्याचं देणं आणि खतावणीतली माणसागणिक बाकी तिच्यात हाताने लिहून घ्यावी. जुनी फाइल लेखापालाला पाठवताना त्याला फक्त पाहण्याची परवानगी द्यावी, म्हणजे त्याच्या कार्यालयातल्या कुणाचं बोट चुकून लागलं तरी आकडा हलणार नाही.